चयापचयी अनुकूलन

दीर्घकाळ वजन घटवल्यानंतर विश्रांतिकालीन ऊर्जाव्यय त्या वेळच्या शरीरघटनेवरून अपेक्षित असलेल्या पातळीच्याही खाली उतरतो, या घटनेस ही संज्ञा लावतात. लहान शरीराला कमी ऊर्जा लागणे हे यात धरलेले नाही. ते वजा केल्यावर उरणारी तूट म्हणजे अनुकूलन. मोजणीसाठी व्यक्तीस रात्रभर उपाशी ठेवून, शांत निजलेल्या स्थितीत तिने घेतलेला ऑक्सिजन व सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांवरून ऊर्जाव्यय काढतात. अपेक्षित आकडा मेद, मेदविरहित वस्तुमान, वय व लिंग यांवर आधारलेल्या समीकरणातून येतो.

उपासमारीत चयापचय मंदावतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीझ यांच्या मिनेसोटातील 1944-45 च्या प्रयोगापासून परिचित आहे. मात्र आजची चर्चा बहुतांशी 2016 मध्ये केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाभोवती फिरते. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील 14 जणांचे सरासरी वजन 30 आठवड्यांत सुमारे 58 किलो घटले आणि विश्रांतिकालीन व्यय दिवसाला सुमारे 610 किलोकॅलरींनी उतरला. यांपैकी 335 चा उलगडा मुख्यतः बदललेल्या शरीरघटनेने होत होता. उरलेले 275 हे अनुकूलन होय. सहा वर्षांनी सुमारे 41 किलो वजन परत आले होते, तरी व्यय मूळ पातळीहून 704 ने कमीच होता आणि त्यातील अनुकूलनाचा वाटा 499 पर्यंत वाढला होता. स्पर्धेअखेरच्या अनुकूलनावरून पुढे कोणाचे वजन किती वाढेल याचा अंदाज येत नव्हता. उलट सहा वर्षांनंतर ज्यांनी वजन अधिक आटोक्यात ठेवले होते, त्यांच्यातच मंदावणे अधिक होते. ‘चयापचय मंदावला म्हणून वजन परत आले’ हा प्रचलित अर्थ या आकड्यांतून निघत नाही.

अनुकूलनाचा आकडा वजाबाकीतून येत असल्याने समीकरणातील दोष त्यात उतरतात. मेदविरहित वस्तुमान एकजिनसी नसते: विश्रांतीत एक किलो कंकाल स्नायू दिवसाला सुमारे 13 किलोकॅलरी खर्चतो, तर यकृत सुमारे 200 आणि हृदय व मूत्रपिंडे प्रत्येकी सुमारे 440. यकृत अर्ध्या किलोने जरी आक्रसले, तरी व्यय सुमारे 100 ने घटेल; समीकरण मात्र तो अर्धा किलो स्नायूसारखाच धरील आणि घटीचा मोठा भाग अनुकूलन म्हणून दिसेल.

मोजणीच्या वेळेवरून मतभेद आहे. कातिया मार्टिन्स व सहकाऱ्यांच्या मते अनुकूलन मुख्यतः ऊर्जातुटीच्या काळात दिसते आणि वजन काही आठवडे स्थिर ठेवल्यास बरेचसे ओसरते. सामान्य आहारनियंत्रणापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण अशा अभ्यासांतील अनुकूलन बहुधा 100 किलोकॅलरींच्या आतच राहते. दूरचित्रवाणी स्पर्धकांमधील टिकाऊ अनुकूलन मात्र त्यात बसत नाही. हॉल यांनी 2022 मध्ये त्याचा संबंध स्पर्धकांनी टिकवून ठेवलेल्या मोठ्या शारीरिक हालचालीशी जोडला. हा खुलासा गृहीतकाच्या पातळीवरचा आहे.