त्या कुशीवर झोपलं की खांदा ठणकतो: खांद्याचा टेंडन की मानेची नस, हा घोळ आला कुठून

रात्री दुखऱ्या कुशीवर वळलं की खांदा ठणकायला लागतो, झोपमोड होते, मग दुसऱ्या कुशीवर, मग चित, असं करत पहाट होते. सकाळी एका डॉक्टरांकडे गेलं तर चिठ्ठीवर ‘पीए शोल्डर’ लिहून येतं, दुसरीकडे गेलं तर मानेचा एक्सरे काढून ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलायटिस’ सांगतात आणि पट्टा देतात. दुखणं तेच आणि नावं दोन, त्यात शेजारपाजारचे ‘नस दबलीय’ म्हणतात ते वेगळंच. हे असं का होतं हे कळायला ही दोन नावं कुठून आली ते बघावं लागतं, कारण गंमत अशी की खांद्याची आणि मणक्याची गोष्ट जवळजवळ एकाच वर्षी, एकाच शहरात मांडली गेली आणि तरी कितीतरी वर्षं वेगवेगळीच चालत राहिली.

आधी ते ‘पीए’. म्हणजे पेरिआर्थ्रायटिस. पॅरिसचे सर्जन सिमोन-एमान्युएल दुप्ले यांनी १८७२ मधे हा शब्द खांद्यासाठी वापरला. दुखणं सांध्याच्या आत नाहीये, सांध्याच्या भोवतालच्या मऊ भागात आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि त्या काळाच्या मानाने ते मोठं पाऊल होतं. पण नेमकं कुठल्या भागात, हे त्या शब्दात कुठेच नाही. त्यामुळे जखडलेला खांदा, फाटलेला टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सुजलेली बर्सा म्हणजे घर्षण टाळणारी पातळ पिशवी, सगळं एकाच पिशवीत गेलं. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर ते नाव अजून जिवंत आहे आणि माझ्या मते ते आता सोडून द्यायला हवं, कारण पेशंटला त्यातून काहीच कळत नाही.

नेमकेपणा आणला तो बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी. खांद्याच्या गोळ्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांचे टेंडन एकत्र येऊन गोळ्यावर एक आवरण होतं, ते रोटेटर कफ. त्यातला वरचा टेंडन, सुप्रास्पायनेटस, खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जातो आणि झिजतो, फाटतो तो बहुतेक वेळा हाच. कॉडमननी १९०९ मधे असा फाटलेला टेंडन ऑपरेशन करून शिवला, १९११ मधे ते छापलं, आणि १९३४ मधे खांद्यावर अख्खं पुस्तक काढलं. ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे जखडलेला खांदा, हे नावही त्यांचंच. त्याची जी लक्षणं त्यांनी लिहिली त्यात आपला मुद्दा सरळ आलेला आहे: दुखऱ्या कुशीवर झोपता न येणं. शिवाय दुखतं ते खांद्याच्या टोकावर नाही तर थोडं खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, डेल्टॉइड स्नायू हाडाला चिकटतो तिथे.

ही जागा लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच आहे. पेशंट दंडावर हात ठेवून ‘इथे’ म्हणतो, आणि तिथे खरं तर काहीच बिघडलेलं नसतं, बिघाड वर कफमधे असतो.

आता त्याच १९३४ मधे, त्याच बोस्टनमधे, विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोघांनी मणक्यांमधली चकती म्हणजे डिस्क फुटून नसेवर दाब देते हे दाखवून दिलं. त्यांचा लेख गाजला तो कंबरेसाठी, सायटिकासाठी. मानेकडे लक्ष वळायला अजून काही वर्षं लागली. १९४३ मधे मेम्फिसच्या सेम्स आणि मर्फी यांनी चार पेशंट छापले, मानेतली डिस्क फुटून सातवी नस दबलेले, आणि त्यांचं दुखणं इतकं छातीत-हातात जायचं की ते हार्टचं वाटावं. (उलट चूक जास्त महागात पडते, त्यामुळे डावा खांदा-हात अचानक दुखतोय, घाम, दम, छातीत दाब, असं असेल तर मान-खांदा नंतर, आधी ईसीजी.) पुढच्याच वर्षी, १९४४ मधे, स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांचा लेख आला, आणि त्यांनी शीर्षकातच म्हटलं की मानेतली फुटलेली डिस्क हे खांदा आणि हात दुखण्याचं नेहमीचं कारण आहे. म्हणजे दहा वर्षांत खांदेदुखीचे दोन दावेदार झाले, एक खांद्यातला आणि एक मानेतला.

दोन्ही दावे खरे होते हीच तर पंचाईत. कारण मानेतून निघणारी पाचवी नस, सी-५, ही डेल्टॉइडला, त्या सुप्रास्पायनेटसला आणि दंडाच्या बाहेरच्या कातडीलाही पुरवठा करते. ती दबली तर दुखणार दंडाच्या बाहेरच, आणि हात वर उचलायची ताकद कमी होणार. कफ फाटला तरी दुखणार तिथेच आणि ताकद कमी होणार तीच. त्यामुळे ‘कुठे दुखतं’ हा प्रश्न एकटा पुरत नाही.

मग डॉक्टरांनी वेगळे प्रश्न शोधले. स्पर्लिंग यांच्या नावाची टेस्ट अशी की मान दुखऱ्या बाजूला आणि थोडी मागे कलवून डोक्यावर वरून दाब द्यायचा; त्याने झणका हातात खाली उतरला तर नस. ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, पण निगेटिव्ह आली म्हणून नस सुटली असं नाही, आणि घरच्या घरी कुणाच्या डोक्यावर दाब देऊन हे अजिबात करू नका, विशेषतः मार लागलेला असेल किंवा संधिवात असेल तर.

मला स्वतःला जास्त आवडते ती दुसरी खूण, १९८१ मधे डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. मानेतली नस दबलेले बरेच पेशंट आपणहून दुखऱ्या हाताचा तळवा डोक्यावर ठेवून बसतात, झोपतातही तसेच, कारण हात वर गेला की नसेवरचा ताण हलका होतो. कफवाल्याचं नेमकं उलटं. त्याला हात डोक्यापर्यंत नेतानाच जीव जातो, तो कोपर पोटाशी धरून, खाली उशी घेऊन बसतो. म्हणजे रात्री तुम्ही हात कुठे ठेवला की बरं वाटतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, ‘रात्री दुखतं’ एवढंच सांगू नका. नसवाल्यालाही रात्री दुखतं पण तिथे कुशीपेक्षा मानेची ठेवण जास्त महत्त्वाची, उंच उशीवर मान वाकडी राहिली की हात चमकतो, मुंग्या येतात, मग तो कुठल्याही कुशीवर असो. कफमधे बोटांना मुंग्या येत नाहीत आणि दुखणं सहसा कोपराच्या खाली जात नाही.

कफचं दुखणं त्या कुशीवरच का वाढतं याचं उत्तर साधं आहे, धडाचं वजन खांद्यावर येतं आणि टोकाच्या हाडाखालची जागा, जिथे तो टेंडन आणि बर्सा आहे, ती दाबली जाते. या जागेतला दाब वेगवेगळ्या झोपण्याच्या स्थितीत मोजूनही पाहिलाय, २०१० मधे, आणि चित झोपल्यावर तो कमी निघाला.

एवढं सगळं कळल्यावर गोंधळ संपायला हवा होता, पण मग एमआरआय आला. १९९० मधे मान न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर चाळिशीपुढच्या २८ टक्के लोकांत काही ना काही बिघाड दिसला. १९९५ मधे खांदा न दुखणाऱ्यांचे काढले तर साठीपुढच्या ५४ टक्के लोकांचा कफ थोडा किंवा पूर्ण फाटलेला. काही दुखत नसताना! म्हणजे पन्नाशीच्या माणसाचा मानेचा एमआरआय काढला तर काहीतरी निघायची शक्यता बरीच, खांद्याचा काढला तरी तेच, आणि ज्याचा आधी काढला त्याच्यावर बिल फाटतं.

नेहमी दिसणारा नमुना घेऊ. ५४ वर्षांच्या शिक्षिका, शुगर आहे, तीन महिने उजव्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालताना आणि फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना दंड दुखतो. मानेचा एमआरआय झालाय, त्यात सी-५ आणि सी-६ मधली डिस्क बाहेर आलेली, त्यामुळे मानेचा पट्टा आणि ट्रॅक्शन सुरू, फरक शून्य. आता तपासायचं कसं? शुगरवाल्यांचा खांदा जास्त जखडतो म्हणून आधी फ्रोझन शोल्डर: कोपर बरगडीला टेकवून डॉक्टर हात बाहेर फिरवतात, तो डाव्या इतकाच सहज फिरतो, म्हणजे सांधा जखडलेला नाही. मग मान: सगळीकडे वळवली, दाब दिला, हातात काही उतरत नाही, बोटं बधिर नाहीत, कोपर वाकवायची ताकद आणि दंडाचा रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे. हे महत्त्वाचं, कारण बायसेप्सलाही सी-५, सी-६ च पुरवतात. नस दबली असती तर बहुधा तोही ढिला पडला असता, आणि कफचा त्याच्याशी संबंध नाही. मग खांदा: हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे दुखतं, त्याच्या वर गेल्यावर कमी, कोपर वाकवून हात बाहेर ढकलायला सांगितला तर दुखतो, आणि तळवा डोक्यावर ठेवल्यावर आराम नाही, उलट त्रास. ही केस कफची. एमआरआयमधली ती डिस्क आहे, पण बहुधा गप्प बसलेली आहे.

तरी शंका उरली तर न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स नीर यांची जुनी युक्ती अजून चालते, टोकाच्या हाडाखाली भूल देणारं औषध सोडायचं आणि काही मिनिटांनी हात पुन्हा उचलायला लावायचा. दुखणं गेलं तर उगम खांद्यातच. दुखणं गेलं पण हात तरीही उचलत नाही, तर टेंडन मोठा फाटलाय का ते बघायचं.

याच नीर यांनी १९७२ मधे मांडलं होतं की वरचं हाड टेंडनला घासतं म्हणून ते हाड तासावं, आणि पुढची कित्येक दशकं तसं तासलं गेलं. २०१८ मधे ब्रिटन आणि फिनलंडमधे दोन ट्रायल्स आल्या, काही पेशंटची हाडं खरी तासली, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, आणि दोघांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे पूर्ण न फाटलेल्या कफबद्दल आहे, पडून एकदम फाटलेल्या आणि हातच न उचलणाऱ्या खांद्याबद्दल नाही, तिथे लवकर सर्जनला दाखवावं. त्या शिक्षिकेला सुरुवातीला लागतो तो व्यायाम, फिजिओकडून शिकून, वजन हळूहळू वाढवत किमान बारा आठवडे, आणि रात्री डाव्या कुशीवर, पुढे जाड उशी कवटाळून, म्हणजे उजवा हात छातीवरून खाली ओघळत नाही.

मानेची नस निघाली असती तर रस्ता वेगळा, पण तीही बहुतेकांची काही आठवड्यांत-महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवते. फक्त दोन्ही हात अवघडायला लागले, बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला तर तो मणक्यातल्या मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो, तेव्हा व्यायाम करत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात न्यूरोवाल्यांना गाठायचं.