स्तंभ शून्यापासून का उभा करायचा?

एका तालुक्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर दोन स्तंभ होते, दोन उपकेंद्रांच्या पूर्ण लसीकरणाचे. खाडीपलीकडच्या उपकेंद्राचा स्तंभ बुटका, अलीकडचा त्याच्या तिप्पट उंच. साहजिकच पलीकडच्या सिस्टरकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. आकडे मात्र ९२ टक्के आणि ९६ टक्के असे होते. उभा अक्ष ९० पासून सुरू होत होता, त्यामुळे एका स्तंभाला दोन घरं मिळाली आणि दुसऱ्याला सहा.

ही खोड जुनी आहे, पण स्तंभालेखाच्या जन्मापासूनची नाही. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले, ते रेषांचे. स्कॉटलंडची आकडेवारी त्याच्याकडे एकाच वर्षाची होती, मग रेषा ओढायची कशाची? म्हणून त्याने देशागणिक आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या काढल्या, आणि हा आलेख कमी उपयोगाचा आहे अशी कबुलीही दिली. अडचणीतून निघालेली ही तोड पुढे घरोघरी पोहोचली. तिचं गणित सोपं होतं : पट्टीची लांबी म्हणजेच रक्कम. पट्टी मुळापासून कापली की हे नातं तुटतं.

आरोग्याच्या आकड्यांत अशी चूक फ्लोरेन्स नाइटिंगेललाही चुकली नाही. क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची तिची सुरुवातीची आकृती वटवाघळाच्या पंखांसारखी दिसते. तिच्यात मृत्युदर केंद्रापासूनच्या अंतरावर मोजला होता. पण डोळा पाहतो क्षेत्रफळ, आणि अंतर दुप्पट झालं की ते चौपट होतं. नंतरच्या प्रसिद्ध आकृतीत तिने पाकळीचं क्षेत्रफळच आकड्याच्या प्रमाणात ठेवलं. माझ्या मते आलेखांच्या इतिहासातली ही सर्वांत शिकण्यासारखी दुरुस्ती आहे.

नियम कागदावर यायला १९१५ उजाडलं. अमेरिकेत विलार्ड ब्रिंटनच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलं की शून्यरेषा शक्यतो आकृतीत दिसावी. ती बसत नसेल तर अक्ष मध्ये तोडल्याची स्पष्ट खूण करावी. त्यामागचं कारण १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांच्या प्रयोगांतून अधिक नेमकं झालं. एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो. लांबी, कोन, क्षेत्रफळ त्यानंतर. म्हणूनच क्लीव्हलंडने ठिपक्यांच्या आलेखाचा पुरस्कार केला. ठिपक्याला लांबी नसते, त्याची फक्त जागा वाचायची असते, म्हणून तिथे अक्ष ९० पासून घेतला तरी चालतो. रेषालेखाचंही तसंच. स्तंभाला मात्र ही सूट नाही.

मग आमच्या बैठकीत ९० आले कुठून? कोणी मुद्दाम घातले नव्हते. एक्सेलमध्ये अक्ष आपोआप ठरतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या हिश्शाहून कमी असेल, तर ते शून्य सोडून वर सुरुवात करतं. लसीकरणाचे आकडे बहुतेक नव्वदीत असतात, म्हणजे हा सापळा नेमका आपल्यासाठीच. उपाय Format Axis मध्ये Bounds खाली आहे : Minimum ला 0 लिहायचं.

पण शून्य लिहून काम संपलं असं वाटत असेल तर थांबा. शून्यापासून काढलेले ९२ आणि ९६ चे स्तंभ जवळजवळ सारखेच दिसतात, आणि गोवर रोखायचा तर महत्त्व आहे सुटलेल्या मुलांना. तेव्हा स्तंभ सुटलेल्यांचाच काढावा : ८ टक्के आणि ४ टक्के. आता अक्ष शून्यापासूनच आहे आणि दुप्पट फरक खराखुरा आहे.

इथे कोकणातली अडचण येते. वाड्या विखुरलेल्या, बरीच घरं मुंबईला गेलेली, त्यामुळे उपकेंद्राच्या यादीत मुलं थोडी. त्या दोन्ही उपकेंद्रांत पंचवीस-पंचवीस होती. पंचवीसपैकी तेवीस म्हणजे ९२ टक्के, चोवीस म्हणजे ९६. पडद्यावरचा तो तिप्पट डोंगर म्हणजे एक मूल! एवढ्या लहान संख्येला टक्केवारीचा आलेखच लागत नाही, ‘२५ पैकी २३’ असा तक्ता पुरतो. सगळी उपकेंद्रं आणि सगळ्या लसी एकाच आकृतीत कोंबून रंगांचा बाजार मांडण्यापेक्षाही तोच बरा. आलेख हवाच असेल तर तीन वर्षांचे आकडे एकत्र करून ठिपके काढावेत.

पलीकडच्या सिस्टरने शेवटी वही उघडली. दोन मुलं राहिली होती. “साहेब, एकाला ताप होता, त्याला पुढच्या सत्राला बोलावलंय,” त्या म्हणाल्या, “दुसरा गणपतीनंतर आईबरोबर विरारला गेला. त्याचा डोस तिथे झालाय, कार्डाचा फोटो माझ्या मोबाईलवर आहे.”