जाहिरातीतला ‘टँकरचा अनुभव’: एका अटीची पार्श्वभूमी

‘सेकंड ऑफिसर हवा. ऑइल टँकर. रँकमध्ये 18 महिने, टँकरचा अनुभव 12 महिने. ॲडव्हान्स्ड ऑइल टँकर सर्टिफिकेट आवश्यक.’ अशा जाहिरातीशी बायोडाटा ताडून पाहताना घोळ जवळपास नेहमी मधल्या अटीत होतो. बारा महिने, पण कोणत्या टँकरवर आणि कोणत्या रँकमध्ये?

डिस्चार्ज बुक म्हणजे सीफेअररच्या जहाजावरच्या सेवेची नोंदवही. तिच्यातल्या नोंदीत जुन्या काळापासून मुख्यतः जहाजाचे नाव, रँक, साइन-ऑनची तारीख, साइन-ऑफची तारीख आणि वर्तणुकीचा शेरा असे. बायोडाट्यातले सी सर्व्हिसचे रकानेही त्याच धर्तीचे असतात. टाकीत कोणता माल होता, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

1967 मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हा तेलवाहू टँकर खडकावर आदळला आणि प्रशिक्षणाचा प्रश्न जगापुढे आला. सीफेअररचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे ठरवणारा 1978 चा आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू करार 1984 मध्ये लागू झाला. आजची चौकट मात्र 2010 च्या मनिला दुरुस्त्यांची आहे. त्या 1 जानेवारी 2012 पासून लागू झाल्या आणि जुन्या प्रमाणपत्रांना 2017 च्या सुरुवातीपर्यंत मुदत मिळाली. या चौकटीत टँकरची प्रमाणपत्रे अशी विभागलेली आहेत. बेसिक प्रमाणपत्र तेल आणि रसायन दोन्हींसाठी एकच. ॲडव्हान्स्ड मात्र तेलाचे वेगळे, रसायनाचे वेगळे. द्रवरूप वायूसाठी बेसिक आणि ॲडव्हान्स्ड दोन्ही स्वतंत्र. म्हणून ॲडव्हान्स्ड केमिकल दाखवून ऑइलची अट पुरी होत नाही.

कायद्याची अट तशी माफक आहे. ॲडव्हान्स्ड ऑइलसाठी मान्यताप्राप्त कोर्सबरोबर ऑइल टँकरवर तीन महिने सेवा लागते. ती नसेल तर किमान एक महिना जादा माणूस म्हणून जहाजावर प्रशिक्षण आणि त्यात किमान तीन लोडिंग, तीन डिस्चार्जिंग. बारा, अठरा, चोवीस महिने हे आकडे करारातले नाहीत. ते तेल कंपन्यांच्या मागण्यांतून आले. जहाज भाड्याने घेण्याआधी त्या कंपन्या ‘ऑफिसर मॅट्रिक्स’ बघतात. त्यात प्रत्येक अधिकाऱ्याची कंपनीतली वर्षे, रँकमधली वर्षे, या प्रकारच्या टँकरवरची वर्षे आणि सर्व प्रकारच्या टँकरवरची वर्षे असे चार वेगळे रकाने असतात.

हे चार रकाने जाहिरातीत येता येता एका ओळीत मिसळतात, आणि माझ्या मते खरी चूक इथेच होते. वरच्या जाहिरातीला आलेला एक नमुना घेऊ. थर्ड ऑफिसर म्हणून केमिकल टँकरवर 14 महिने. मग सेकंड ऑफिसर म्हणून केमिकल टँकरवर 8 महिने 12 दिवस, ऑइल प्रॉडक्ट टँकरवर 6 महिने 20 दिवस आणि बल्क कॅरिअर या सुटा कोरडा माल नेणाऱ्या जहाजावर 5 महिने. रँकमधला काळ 20 महिने 2 दिवस, म्हणजे पहिली अट पार. (तीस सुटे दिवस म्हणजे एक महिना, ही एसटीसीडब्ल्यूचीच व्याख्या.) आता टँकरचा काळ मोजा. सर्व टँकर, सर्व रँक धरले तर 29 महिने 2 दिवस. सर्व टँकर, पण याच रँकमध्ये, तर 15 महिने 2 दिवस. फक्त ऑइल टँकर, याच रँकमध्ये, तर 6 महिने 20 दिवस. माणूस तोच, पण पहिल्या दोन वाचनांत पास आणि तिसऱ्यात नापास.

जहाजाच्या प्रकारापुढे ‘ऑइल/केमिकल टँकर’ लिहिलेले असेल तर गुंता आणखी वाढतो. अशा जहाजाला दोन्ही प्रकारचा माल नेण्याची परवानगी असते. एखादा सीफेअरर पूर्ण कॉन्ट्रॅक्टभर फक्त डिझेल वाहणाऱ्या जहाजावर असू शकतो. मग सेवेच्या दाखल्यावर माल लिहून घेतलेला नसेल तर तो काळ कोणत्या रकान्यात धरायचा हे भरती करणाऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि नुकसान उमेदवाराचे होते. साइन-ऑफच्या वेळी दाखल्यात मालाचे नाव आणि लोडिंग-डिस्चार्जिंगची संख्या लिहून घेतली, तर हा वाद उरत नाही.

जाहिरातीत प्रमाणपत्र ‘व्हॅलिड’ हवे असे लिहितात, तेव्हा त्या शब्दाचेही असेच वेगवेगळे अर्थ निघतात. टँकर प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा नेहमीचा मार्ग म्हणजे मागच्या पाच वर्षांत, त्या प्रमाणपत्राला साजेसे काम करत, टँकरवर तीन महिने सेवा. नमुन्यातले बल्कचे पाच महिने त्यात धरले जात नाहीत. शिवाय जाहिरात सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टची असेल आणि प्रमाणपत्र चार महिन्यांनी संपत असेल, तर अर्जाच्या दिवशी ते व्हॅलिड असूनही बहुतेक कंपन्या उमेदवाराला थांबवतात, कारण मुदत मध्येच समुद्रात संपते.