दोन्ही बॅचची सरासरी ३१, मग फरक दिसतो कुठे?

लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू गणिताच्या ट्यूशन घेतात. नववीच्या दोन बॅच, एक सकाळी सातची आणि एक संध्याकाळी साडेसहाची, दोन्हीकडे १५-१५ पोरं. मागे त्यांनी दोन्ही बॅचची ५० मार्कांची एकच टेस्ट घेतली, कॅल्क्युलेटरवर सरासरी काढली आणि मला हाक मारली, कारण मी ऑफिसात दिवसभर आकडेच बघते असा चाळीत समज आहे (खरा आहे). सकाळची सरासरी ३१, संध्याकाळचीही ३१. काकू म्हणाल्या, "अगं दोघं सारखेच असतील तर मला संध्याकाळीच का डोकं धरायला होतं?"

प्रश्न बरोबर होता. सरासरी म्हणजे सगळ्यांचे मार्क एका पातेल्यात ओतून सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाटीत किती येतील एवढंच, मूळ वाट्या किती भरलेल्या होत्या ते त्यात कळत नाही. म्हणून मी म्हटलं पेपर काढा, पंखा बंद करा, आपण सगळे जमिनीवर मांडू.

सकाळच्या बॅचचे पेपर कमी मार्कांपासून जास्त मार्कांपर्यंत ओळीने लावले तर असे आले: २२, २५, २७, २८, २९, ३०, ३०, ३१, ३२, ३३, ३३, ३४, ३५, ३७, ३९.

आता १५ पेपरांत मधला कुठला? आठवा, कारण त्याच्या अलीकडे सात आणि पलीकडे सात. तो ३१. यालाच दहावीच्या पुस्तकात मध्यक म्हणतात. मग अलीकडच्या सात पेपरांचा मधला, म्हणजे चौथा, तो २८, आणि पलीकडच्या सातांचा मधला, म्हणजे बारावा, तो ३४. हे दोन म्हणजे पहिला आणि तिसरा चतुर्थक. दोन्ही टोकं तर समोर दिसतातच, २२ आणि ३९. झाले पाच आकडे: २२, २८, ३१, ३४, ३९. बेरीज नाही, भागाकार नाही, नुसते पेपर मोजायचे.

संध्याकाळची ओळ त्याखाली लावली: ९, १४, १७, २०, २३, २७, ३२, ३६, ३८, ३९, ४०, ४१, ४२, ४३, ४४. तसंच मोजलं तर पाच आकडे ९, २०, ३६, ४१, ४४.

आता चौकटीच्या वहीत ० ते ५० अशी आडवी पट्टी काढायची आणि त्यावर सकाळसाठी २८ पासून ३४ पर्यंत एक पेटी, पेटीच्या आत ३१ वर उभी रेघ, आणि दोन्ही बाजूंना २२ आणि ३९ पर्यंत बारीक दांड्या, ज्यांना इंग्रजीत मांजराच्या मिशा म्हणतात, आपण मिशाच म्हणू. त्याच पट्टीवर खाली संध्याकाळची पेटी, २० पासून ४१ पर्यंत, रेघ ३६ वर. पट्टी एकच पाहिजे, नाहीतर तुलना फुकट. याला बॉक्स प्लॉट म्हणतात. आज आपण काढतो तो प्रकार जॉन टुकी नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात रूढ केला, पण त्याच्या आधी १९५२ मध्येच मेरी एलिनॉर स्पिअर या बाईंनी साधारण असाच पट्टीचा आलेख छापला होता, तिचं नाव मात्र कोणी घेत नाही.

काकूंनी दोन पेट्या बघितल्या आणि पहिलंच वाक्य असं, "संध्याकाळच्या पेटीत डावीकडे केवढी जागा, म्हणजे बहुतेक पोरं तिकडेच आहेत."

इथेच बहुतेक सगळे घसरतात, मीही सुरुवातीला घसरले होते. बॉक्स प्लॉटमध्ये लांब म्हणजे जास्त पोरं असं नसतं. आलेखाचे चार तुकडे आहेत, डावी मिशी, पेटीचा डावा भाग, उजवा भाग आणि उजवी मिशी, आणि प्रत्येक तुकड्यात साधारण पाव वर्गच असतो, तुकडा बोटभर असो की हातभर. लोकलचे चार डबे समजा, प्रत्येकात तेवढीच माणसं, पण एक डबा लांब आहे म्हणून तिथे माणसं ऐसपैस बसलीत आणि दुसरा आखूड म्हणून खांद्याला खांदा लागलाय. संध्याकाळच्या पेटीचा डावा भाग २० ते ३६, म्हणजे १६ मार्क रुंद, उजवा ३६ ते ४१, फक्त ५ मार्क. म्हणजे गर्दी उजवीकडे आहे! वरची पोरं एकमेकांना चिकटून आहेत, खालची पांगली आहेत.

हे एकदा डोक्यात बसलं की दोन पेट्यांमधून खूप काही वाचता येतं. संध्याकाळची मधली रेघ ३६ वर आहे आणि सकाळची अख्खी पेटी ३४ लाच संपते. म्हणजे संध्याकाळचा निम्मा वर्ग सकाळच्या तीन चतुर्थांश वर्गाच्या पुढे आहे. पेपरांत मोजून बघा, ३६ किंवा जास्त मिळवणारी संध्याकाळी आठ पोरं आहेत आणि सकाळी फक्त दोन. आता डावीकडे बघा, संध्याकाळची पेटी सुरू होते २० ला, आणि सकाळची मिशीसुद्धा २२ च्या खाली जात नाही. म्हणजे संध्याकाळची तळाची चार पोरं सकाळच्या सगळ्यात मागच्या पोराच्याही मागे आहेत. हुशार पोरं जास्त हीच बॅच, आणि अडकलेली पोरंही हीच बॅच. दोघांनी मिळून सरासरी ३१ वर आणून ठेवलेली.

पेटीची लांबी, म्हणजे दोन चतुर्थकांमधलं अंतर, सकाळी ६ आणि संध्याकाळी २१. काकूंचं डोकं दुखायचं कारण बहुतेक या २१ मध्ये आहे. फळ्यावर एक गणित घेतलं की अर्ध्यांना ते आधीच येतं आणि काहींना त्याच्या आधीचंच कळलेलं नसतं.

मग मी शहाणपणा करून हे सगळं एक्सेलमध्ये टाकायला गेले आणि माती खाल्ली. स्क्रीनवर सकाळच्या पेटीच्या बरंच डावीकडे एक एकटा ठिपका आला, २ वर. सरासरी ३१ ची २९.७ झाली होती पण पेटी जागची हलली नव्हती, मधली रेघही ३१ वरच. झालं असं की २२ टाइप करताना माझा एक २ खाल्ला गेला. हे ठिपक्याचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. टुकीचा नियम असा की पेटीच्या लांबीची दीडपट घ्यायची, सकाळच्या बॅचसाठी ६ ची दीडपट ९, आणि पेटीच्या दोन्ही टोकांपासून तेवढं बाहेर एक अदृश्य कुंपण मानायचं, इथे ते १९ आणि ४३ वर येतं. कुंपणाबाहेरचा आकडा ठिपका म्हणून सुटा दाखवायचा. मिशी मात्र १९ पर्यंत जात नाही, कुंपणाच्या आतलं जे शेवटचं खरं पोर आहे तिथेच थांबते, म्हणजे आता २५ ला. मिशीचं टोक नेहमी कोणाचे तरी खरे मार्क असतात. आणि ठिपका म्हणजे चूकच असंही नाही, अगदी नीट घंटेच्या आकारात पसरलेल्या आकड्यांतसुद्धा हजारात सातेक ठिपके असेच कुंपणाबाहेर पडतात. ठिपका दिसला की पेपर उघडून बघायचा, एवढंच. मी उघडला, २२ होते.

आकडा दुरुस्त केला तरी एक गोष्ट खटकली. जमिनीवर २८ आलेला पहिला चतुर्थक या फॉर्म्युल्याने २८.५ दिला:

```
=QUARTILE.INC(A1:A15,1)
=QUARTILE.EXC(A1:A15,1)
```

दुसऱ्या ओळीने २८ दिला. एक्सेल बिघडलेलं नाही, चतुर्थक काढायच्या पद्धतीच एकापेक्षा जास्त आहेत. आपण जमिनीवर मोजताना मधला आठवा पेपर बाजूला ठेवून उरलेल्या सातांचा मधला घेतला. तो आठवा पेपर दोन्ही बाजूंना धरला असता तर आठ पेपर झाले असते आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये, २८ आणि २९ च्या मध्ये, चतुर्थक आला असता. संध्याकाळच्या बॅचमध्ये हाच फरक २० आणि २१.५ असा येतो, दीड मार्काचा, कारण तिथे शेजारचे पेपर लांब लांब आहेत. वर्ग लहान असला की हा फरक डोळ्यात येतो. कुठलीही पद्धत घ्या, फक्त दोन्ही वर्गांना एकच लावा.

आता याची मर्यादाही काकूंनीच पकडली, न सांगता. त्यांनी विचारलं, "२० आणि ३६ च्या मध्ये पोरं कुठे आहेत ते यात कुठे दिसतंय?" नाहीच दिसत. मधल्या तीन पोरांचे मार्क २३, २७, ३२ आहेत, पण ते २१, २१, २२ असते तरी पाच आकडे तेच राहिले असते आणि पेटी हुबेहूब तशीच आली असती. तेव्हा मात्र वर्गाचे सरळ दोन कळप झाले असते, मध्ये सगळं मोकळं. पेटीला असे कळप दिसत नाहीत, आणि वर्गात १५ आहेत की ६० तेही ती सांगत नाही. यावर उपाय साधा, पोरं कमी असतील तर पेटीवरच पेनाने प्रत्येकाचा एक एक ठिपका मारायचा. काकूंनी लाल पेनाने मारले, आणि मारता मारता प्रत्येक ठिपक्याखाली नाव लिहीत गेल्या.

तळाच्या चारांपैकी तिघं गणपतीच्या आधीचे जवळजवळ तीन आठवडे संध्याकाळी मंडळात होती, तेव्हा समीकरणांचा धडा होऊन गेला होता. चौथा रोज येत होता, त्याचं काय ते अजून कळलेलं नाही. आणि मंडळात जाणारे दोघं तर ४० च्या वरही आहेत, त्यामुळे सगळा दोष बाप्पाच्या माथी मारता येणार नाही. कारण शोधायला कुठे बघायचं तेवढं पेटीने दाखवलं, कारण तिला माहीत नसतं.

काकूंनी त्या चौघांना रविवारी वेगळं बसवायला सुरुवात केली. परवा पुढची टेस्ट झाली, संध्याकाळचे पेपर तपासून झाले, पुन्हा जमिनीवर मांडले, चौथा पेपर आता २७ चा आला, आठवा ३७. पेटीचं डावं टोक सात मार्क पुढे सरकलं म्हणून काकू खूश आहेत. मी म्हटलं थांबा, पेपरच सोपा होता का ते सकाळची पेटी सरकली की नाही यावरून कळेल, आणि तो गठ्ठा अजून टेबलावर तसाच पडलाय.