शंभर किलोची ओढ आणि त्यातले कामाचे दोन-तीन किलो

आमच्या ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहणारी माझी भाची हातोडाफेक करते, आणि परवा ती मोबाईल घेऊन आली की मामा, कोच सर म्हणतात माझे हात आखडतात, त्याने खरंच एवढा फरक पडतो का? व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेमचा होता, म्हणून म्हटलं चल फ्रेम मोजू.

हातोडा म्हणजे तारेच्या टोकाला लावलेला गोळा; बायकांचा 4 किलोचा, हँडलपासून गोळ्याच्या टोकापर्यंत जास्तीत जास्त 119.5 सेंटीमीटर. ही चार टर्न घेऊन फेकते. प्रत्येक टर्नमध्ये गोळा पुन्हा त्याच जागी यायला किती फ्रेम लागल्या ते मोजलं तर 48, 39, 34 आणि 30 निघाल्या, म्हणजे पहिली फेरी 0.8 सेकंदाची आणि शेवटची अर्ध्या सेकंदाची. एक फेरी म्हणजे 2π रेडियन, त्याला वेळेने भागलं की कोनीय वेग, ω, मिळतो: पहिल्या फेरीत 7.85 आणि चौथीत 12.6 रेडियन प्रति सेकंद.

आता त्रिज्या. तार आणि हात मिळून 1.8 मीटरच्या आसपास होतात, पण गोळा काही खांद्याभोवती फिरत नाही, गोळा एकीकडे ओढतो आणि ती मागे रेलून दुसरीकडे, दोघं मधल्या एका अक्षाभोवती फिरतात. म्हणून अक्षापासून गोळा साधारण 1.6 मीटर धरला. v = ωr लावलं की गोळ्याचा वेग पहिल्या फेरीत सेकंदाला 12.6 मीटर आणि चौथीत 20.1 मीटर. हे पूर्ण फेरीचं सरासरी बरं का, कारण फिरण्याची पातळी तिरकी असते, गोळा खाली येताना वेग घेतो आणि वर जाताना थोडा गमावतो.

तारेतला ताण मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो, T = mv²/r. पहिल्या फेरीत सुमारे 40 किलो वजनाइतका, मग 61, मग 80, आणि चौथ्या फेरीत 103 किलो. वेग 1.6 पट झाला तर ताण अडीच पटीच्या वर गेला! म्हणूनच पहिलाच टर्न घाईत मारला की पुढे शरीराला ते झेपत नाही, तोल जातो किंवा फेऱ्यांचा वेळ कमी व्हायचाच थांबतो, फ्रेम 38, 36, 35, 35 अशा दिसायला लागतात.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. हा 100 किलोचा ताण गोळ्याला फक्त वळवत ठेवतो, तो सरळ अक्षाकडे असेल तर वेग वाढवत नाही. वेग वाढतो जेव्हा हात गोळ्याच्या किंचित पुढे असतात आणि ओढीचा छोटासा हिस्सा गोळ्याच्या जाण्याच्या दिशेने पडतो. किती छोटा? सुटताना वेग 21 होता (ते खाली येतंच), म्हणजे दोनेक सेकंदांत सुमारे 8.4 ची वाढ, त्याला सरासरी दीड-पावणेदोन किलोची ओढ पुरते. ही ओढ मुख्यतः दोन्ही पाय जमिनीवर असताना लागते, एका पायावर फिरताना जमिनीला रेटायला नीट आधार नसतो, तेव्हा निम्माच वेळ धरला तरी साधारण साडेतीन किलो आणि तार फक्त दोन-अडीच अंश मागे. म्हणून कोच ओरडत असतात की उजवा पाय लवकर टेकव, कारण टेकवायला उशीर म्हणजे वेग घ्यायचा वेळच गेला. आणि गोळाच हातांच्या पुढे निघाला तर तीच ओढ उलटी ब्रेकसारखी लागते.

त्या दिवशी तिची फेक 45 मीटर पडली होती. 40 अंशाचा कोन, दीड मीटर उंचीवरून सुटका आणि हवेचा थोडा अडथळा धरून मागे हिशोब केला तर सुटतानाचा वेग 21 च्या आसपास येतो, शेवटच्या फेरीच्या सरासरीपेक्षा जरासा जास्त, जो शेवटच्या झटक्यात मिळाला. त्या क्षणी ताण 112 किलोच्या आसपास.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. समजा कोपरं वाकली, खांदे आखडले आणि त्रिज्या 1.6 ची 1.5 झाली, आणि तिला झेपणारा ताण 112 किलोच आहे. तेच सूत्र फिरवून v² = Tr/m, वेग 21 वरून 20.3 वर येतो. ऐकायला काहीच नाही, पण अंतरही वेगाच्या वर्गाने जातं, फेक 42 मीटरच्या थोडी पुढे पडते. दहा सेंटीमीटरच्या आखडण्याने जवळपास पावणेतीन मीटर गेले. 21 चा वेग टिकवायचाच तर 120 किलोचा ताण धरावा लागेल. आखडल्यावर फिरकी जास्त जोरात वाटते हे खरंय, ω वाढतोच, पण गोळा घेऊन जातो तो v.

युरी सेदिखने 1986 मध्ये स्टुटगार्टला पुरुषांचा 7.26 किलोचा हातोडा 86.74 मीटर फेकला, तोही तीनच टर्नमध्ये, आणि तो जागतिक विक्रम अजून तसाच आहे. भाचीने आता प्रत्येक फेकीच्या फ्रेम वहीत लिहायला घेतल्यात, आणि सोबत उजवा पाय कितव्या फ्रेमला टेकला तेही.