आठ मीटरचं देऊळ, चार मीटरचा गाभारा

जुन्या दगडी देवळाच्या गाभाऱ्यात शिरलं की पहिला प्रश्न पडतो तो जागेचा. बाहेरून एवढं भव्य दिसणारं देऊळ आत एवढं चिंचोळं कसं? सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत देवळाची मापं दिली आहेत, त्यांत याचं उत्तर आकड्यांत सापडतं. देवळाची जेवढी रुंदी, त्याच्या दुप्पट उंची. उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी कटी, म्हणजे शिखर सुरू होण्याआधीचा सरळ भाग. रुंदीच्या निम्मा गाभारा, उरलेल्या जागेत चहूबाजूंनी भिंत. दाराची रुंदी गाभाऱ्याच्या चौथ्या हिश्शाची आणि उंची त्या रुंदीच्या दुप्पट.

आता बाहेरून आठ मीटर रुंद असलेलं चौरस देऊळ धरू. उंची १६ मीटर, गाभारा चार मीटरचा, भिंत प्रत्येक बाजूला दोन मीटर जाड, दार एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. जमिनीवर एकूण ६४ चौरस मीटर जागा व्यापली जाते आणि गाभाऱ्याला मिळतात १६. म्हणजे तीन चतुर्थांश देऊळ ही नुसती भिंत आहे. उजेड यायला वाट एकच, दोन चौरस मीटरचं दार, तेही दोन मीटर खोल भिंतीतून. गाभारा काळोखा असतो तो असा, मापातूनच. प्रत्यक्षात प्रत्येक राजघराण्याने आणि प्रत्येक सूत्रधाराने, म्हणजे देवळाच्या मुख्य स्थपतीने, ही मापं आपल्या पद्धतीने बदलली, पण जाड भिंत आणि लहान पोकळी हा हिशेब शतकानुशतकं टिकला.

एवढी भिंत कशासाठी, हे दगडाला विचारायला हवं. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण दाब भरपूर सोसतो. चांगला दगड दर चौरस सेंटिमीटरला हजार-दीड हजार किलो दाबाखालीही फुटत नाही. ताणाला मात्र तो साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच टिकतो. आडवी शिळा दोन टेकूंवर ठेवली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, म्हणून ती तडकते ती नेहमी खालून, मध्यावर. चार मीटर गाळ्यावर, म्हणजे टेकूंमधल्या तेवढ्या अंतरावर, ४० सेंटिमीटर जाडीची शिळा टाकली, तर तिच्या स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरला नऊएक किलो ताण येतो. एवढा ती सहज पेलेल. पण तिच्यावर दहा मीटर उंचीचं भरीव दगडकाम चढवलं तर तोच ताण सव्वादोनशेच्या घरात जातो, आणि शिळा मोडते. जाडी तीच ठेवून गाळा दुप्पट केला तर नुसत्या स्ववजनाचा ताणसुद्धा चौपट होतो. कमानीशिवाय बांधायचं, तर गाभारा लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि शिखराचं ओझं छतावर टाकून चालत नाही. ते भिंतींवरच उतरायला हवं.

म्हणून शिखर आतून पोकळ असतं. भिंतीवर दगडांचा एक थर बसवायचा, त्यावरचा थर थोडा आत सरकवायचा, त्यावरचा आणखी थोडा. आत झुकलेल्या प्रत्येक दगडाची शेपूट मागे भिंतीवर असते आणि तिच्यावर पुढच्या थराचं वजन पडतं, त्यामुळे दगड आत कलंडत नाही. शेपटीवर वजन यायच्या आधीच दगड निम्म्याहून जास्त पुढे काढला तर तो पडलाच. बांधकाम चालू असतानाचा हा सर्वांत धोक्याचा टप्पा. चारही बाजू अशा जवळ येत येत वर मिळतात, त्यावर आवळ्याच्या फळासारखा पाकळ्यांचा आमलक बसतो आणि वरचे थर आपल्या वजनाने दाबून धरतो. आमलकावर कळस. कळसाचं टोक, आमलकाचा मध्य आणि खालची मूर्ती किंवा पिंडी एकाच ओळंब्यात असावी असा संकेत आहे.

गाभाऱ्याचं दिसणारं छत या पोकळीच्या तळाशी असतं. तिथे कोपरे कापण्याची युक्ती वापरतात. चार मीटरच्या चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकल्या की मध्ये तिरपा चौरस उरतो, बाजू सुमारे २.८ मीटर. त्याचे कोपरे पुन्हा कापले की दोन मीटरचा चौरस उरतो, आणि तो एका कोरीव शिळेने झाकता येतो. दर फेरीला उघडी जागा निम्मी होते. छताकडे पाहताना एकात एक फिरलेले चौकोन दिसतात, ती नक्षी नंतरची. आधी ती गाळा कमी करण्याची सोय आहे.

हे सगळं पुस्तकात वाचण्यापेक्षा अंबरनाथला जाऊन पाहावं. शिलाहारांच्या काळातलं हे शिवालय शिलालेखानुसार शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. भूमिज शैलीच्या त्याच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. मंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जायचं आणि मान वर करायची, थेट आभाळ दिसतं. भूमिज शिखर पुरं कसं दिसतं ते पाहायचं असेल तर सिन्नरचं गोंदेश्वर गाठावं. चार दिशांना चार उभ्या पट्ट्या कळसाकडे चढत जातात आणि त्यांच्या मधल्या भागांत छोट्या शिखरांच्या रांगाच्या रांगा, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. अशा इमारतीला खरा धोका झाडाचा असतो. पक्ष्याने टाकलेली पिंपळाची बी सांध्यात रुजते, मूळ जाड होतं, थर उचलला जातो, आणि शेपटीवरचं वजन हललं की पुढचा दगड आत येऊ लागतो. दाराच्या वरच्या शिळेत मध्यावर उभी भेग दिसली तर तीही साधी समजू नये. ताणाने तडकलेल्या दगडाची खूण तीच.

शिखराचं एक काम मात्र बांधकामापलीकडचं आहे. मूर्ती बाहेरून दिसत नाही, ती नेमकी कुठे आहे हे लांबून शिखर सांगतं. कळसाला हात जोडले की देवाला पोचले, ही आपल्याकडची जुनी समजूत. तिची दुसरी बाजूही विसरू नये. ज्यांना आत जायला मज्जाव होता त्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या कळसच आला. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं.

प्रदक्षिणेची वाट कुठे असते यावरून देवळाचे दोन प्रकार होतात. गाभाऱ्याभोवती दुसरी भिंत घालून मध्ये फिरायला बोळ ठेवला तर ते सांधार. खजुराहोचं कंदारिया महादेव तसं आहे. बोळ नसेल तर निरंधार, तिथे बाहेरून, जोत्यावरून फिरायचं. उजवा हात देवाकडे ठेवायचा. पूर्वाभिमुख देवळात दारापासून निघालं की दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर, म्हणजे आपल्याकडे सूर्य दिवसभर जसा फिरताना दिसतो तसाच क्रम. वाटेत तिन्ही भिंतींच्या मध्यावर एकेक देवकोष्ठ, म्हणजे मूर्तीचा कोनाडा, लागतं. आतली मूर्ती एका जागी स्थिर, तिची वेगवेगळी रूपं बाहेर तीन दिशांना, आणि ती ओळीने पाहायची तर चालावंच लागतं. अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारी प्रणाली बहुधा उत्तर बाजूला असते. शंकराच्या देवळात ती ओलांडायची नाही म्हणून तिथपर्यंत जाऊन मागे फिरतात.

एवढी सगळी दगडी खटपट ज्यासाठी, ते दर्शन. मराठीत आपण दर्शन ‘करत’ नाही, ‘घेतो’, आणि देव ते ‘देतो’. पाहणं दोन्हीकडून असतं. म्हणूनच प्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे डोळे सोन्याच्या शलाकेने विधीपूर्वक उघडतात आणि ती पहिली दृष्टी आरशावर पडू देतात. बृहत्संहितेतलं आणखी एक माप इथे बोलकं आहे. दाराच्या उंचीतून आठवा हिस्सा वजा करायचा, उरेल तेवढी बैठकीसह मूर्तीची उंची, त्यात दोन भाग मूर्ती आणि एक भाग बैठक. आपल्या दोन मीटरच्या दाराला हे १.७५ मीटर होतं. उभी मूर्ती असेल तर तिचे डोळे जमिनीपासून साधारण १.६५ मीटरवर येतात. म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या जरासे वर, आणि दाराच्या चौकटीत पूर्ण दिसणारे.

काळोखही इथे कामाला येतो. भर दुपारी उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, तर एका समईच्या ज्योतीपासून हातभर अंतरावर जेमतेम चार-पाच लक्स. डोळ्यातली बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्याला अंधार सरावायला मिनिटं लागतात, पूर्ण सराव व्हायला अर्धा तास. मंडपाच्या सावलीत थांबणारा माणूस नकळत ही तयारी करतो. मग खालून वर फिरणाऱ्या निरांजनाने मूर्तीच्या नाकाची, ओठांची सावली हलते आणि चेहरा जिवंत वाटतो. गाभाऱ्यात पांढरी ट्यूबलाइट लावली की सावल्या पुसल्या जातात आणि मूर्ती सपाट दिसते. दिवा लावायचाच तर पिवळसर, बाजूने आणि मंद असावा.

दाराच्या त्या एका फटीचा सूर्याशी मेळ घातला तर काय होतं ते कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवात दिसतं. देऊळ पश्चिमाभिमुख. रूढ तारखा ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. हे दोन गट २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण एकेचाळीस दिवसांवर आहेत, म्हणून दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो, ठीक पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे. ही जागा रोज जवळपास ०.३ अंशाने सरकते. साठ मीटर लांबीच्या वाटेवर तेवढ्यानेच उजेडाचा पट्टा तीसएक सेंटिमीटर बाजूला जातो, त्यामुळे सोहळा मोजक्याच दिवसांचा. सूर्य उतरेल तसे किरण आडवे होतात आणि चौकटीखालून आत आलेला उजेड आधी चरणांवर, मग कमरेवर, मग मुखावर चढतो. मुखापर्यंत पोचायला सूर्य अगदी क्षितिजालगत असावा लागतो, आणि नेमका तिथेच ढग, धूलिकण आणि पश्चिमेकडची उंच बांधकामं आडवी येतात. उजेड चढता चढता फिकट होत विरला तर दोष हवेचा. तो स्वच्छ असताना ठरावीक उंचीवर अचानक तुटला, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच तुटला, तर वाटेत काहीतरी बांधलेलं उभं आहे.