लेन्सच्या पाकिटावरील छपाईचे छायाचित्रवाचन

कॉन्टॅक्ट लेन्सच्या ब्लिस्टरवरील, म्हणजे फॉइलने बंद केलेल्या वाटीसारख्या पाकिटावरील, पॉवर, मुदत, लॉट क्रमांक आणि झाकणाची शिवण मोबाइलच्या फोटोवरून तपासण्याची रीत. खानदेशात तिची गरज अंतरामुळे पडते. शहादा किंवा चोपड्याचा ग्राहक जळगावच्या चष्मेवाल्याला फोटो पाठवतो आणि विचारतो, "भाऊ, हाऊ आकडा तीन शे का आठ?"

फॉइल आरशासारखे चमकते, त्यामुळे फ्लॅश लावला की नेमकी छपाईच पांढरी पडते. फ्लॅश बंद करून, खिडकीशी पाकीट थोडे तिरपे धरले की अक्षरे उठून दिसतात. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर दाबला जाऊन बारीक ठिपके पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला टिकतो.

समजा, फोटोत एवढेच वाचता आले:

```
BC 8.6  DIA 14.2
PWR -?.25
EXP 2027/0?
```

दोन्ही प्रश्नचिन्हांच्या जागी तीन किंवा आठ असू शकतो. पॉवरचे उत्तर तर्काने निघते. बहुतेक श्रेणींत उणे ६ पर्यंत पॉवर पाव-पाव डायॉप्टरने वाढते आणि पुढे अर्ध्याने. अशा श्रेणीत उणे ८.२५ नसतेच, म्हणून तो तीन. तरीही कंपनीची यादी पाहावी, आणि उणे चिन्ह स्वतंत्र बघावे. ती बारीक रेघ चमकेत सहज हरवते.

मुदतीला असा आधार नाही. मार्च आणि ऑगस्ट दोन्ही खरे महिने. येथे त्याच फॉइलवरचा 8.6 कामी येतो. BC म्हणजे बेस कर्व्ह, लेन्सच्या वक्रतेचा आकडा. त्यातला हा आठ खात्रीचा, म्हणून संशयित आकडा त्याच्याशेजारी मोठा करून डावी बाजू बंद आहे की उघडी ते पाहतात. डावीकडे ठिपकेच झडलेले असतील, तर मार्च धरून चालावे किंवा नवा फोटो मागवावा. महिनाच छापला असेल, तर मुदत त्याच्या अखेरपर्यंत असते.

लॉट क्रमांकाला कोणताही अंदाज चालत नाही; B आणि 8, O आणि 0 यांत घोळ हमखास होतो. खोक्यावरचा क्रमांक वेगळ्या फोटोत घेऊन ताडून पाहणे हाच उपाय.

वाटीभोवती फॉइल चिकटवल्याचा पट्टा अखंड हवा. त्याला आतून बाहेर छेदणारी सुरकुती, पट्ट्यात अडकलेली लेन्सची कड किंवा कोरडी वाटी दिसली, तर पाकीट बाद. आतला हवेचा बुडबुडा मात्र दोष नव्हे.

सोल्युशनच्या बाटलीवर मुदत आणि लॉट अनेकदा बुडाला किंवा लेबलच्या कडेला असतात. दाबून उमटवलेल्या अक्षरांना बाजूचाच उजेड लागतो. झाकणाखालचे कडे तुटलेले नाही हे चारही बाजूंच्या फोटोंतून दिसते. समोरून काढलेला एकच फोटो पुरत नाही, कारण तडा मागे असू शकतो. उघडल्यावर किती दिवस वापरायची, हे बाटलीवर वेगळे छापलेले असते आणि ते मुदतीच्या तारखेत येत नाही. मे महिन्यात पार्सल एसटीच्या टपावर दिवसभर तापले होते का, हे कोणत्याच फोटोत उमटत नाही.